तिकिटात फक्त ‘नमस्कार’ दिसतो, पुढचा मजकूर गायब: कारण कसं शोधायचं आणि दुरुस्ती काय

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं सपोर्ट डेस्क आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर वापरणारे कारखानदार, अडत दुकानदार आणि त्यांच्याकडचे अकाउंटंट आम्हाला ईमेल करतात. तो मेल आमच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या तिकीट सिस्टीममध्ये येतो आणि त्याचं आपोआप तिकीट तयार होतं. गेल्या हिवाळ्यात दर आठवड्याला अशी तिकिटं दिसायला लागली, ज्यांच्यात एवढाच मजकूर असायचा:

```
नमस्कार 
```

विषय बरोबर, पाठवणाऱ्याचं नाव बरोबर, जोडलेला स्क्रीनशॉटसुद्धा जागेवर. फक्त अडचण काय आहे ते कुठंच नाही. अशा तिकिटाला आम्ही सगळेच एक ठरलेलं उत्तर द्यायचो: ‘आपला संदेश अपूर्ण मिळाला आहे, कृपया पुन्हा पाठवा.’ हे उत्तर का चुकीचं आहे ते एका तिकिटानं समजलं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या अकाउंटंटचं ते तिकीट होतं. तारीख ११, म्हणजे दरमहा रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख. सकाळी साडेदहाला पहिलं तिकीट आलं: ‘नमस्कार’, पुढं काही नाही. मी पुन्हा पाठवायला सांगितलं. वीस मिनिटांनी उत्तर आलं: ‘नमस्कार’. मला वाटलं, गडबडीत मोबाईलवरून अर्धवट गेलं असेल. परत तेच लिहिलं. बारा वाजता तिसऱ्यांदा ‘नमस्कार’ आला, तेव्हा मी फोन लावला.

‘अहो मॅडम, तीनदा पाठवलंय की! पहिल्यात तर बिलांचे नंबरपण लिहिलेत. तुम्ही वाचत नाही आणि वर मलाच पुन्हा पाठवा म्हणता.’

त्यांचं बरोबर होतं. फोनवर मी अडचण लिहून घेतली: दोन जॉबवर्क बिलांत एचएसएन कोड रिकामा होता, त्यामुळं जेएसओएन फाईल तयार होत नव्हती. दहा मिनिटांत काम झालं. पण तीनदा लिहिलेला मजकूर आमच्याकडं तीनदा हरवला होता, आणि दर वेळी एकाच जागी. यात गडबडीचा काही संबंध नव्हता.

त्या दिवशी मी सर्वांत आधी करायला हवं होतं ते नंतर केलं: तिकीट सिस्टीम बाजूला ठेवून सपोर्टच्या मूळ मेलबॉक्समध्ये तोच मेल उघडला. तिथं तो पूर्ण होता. ‘नमस्कार’, त्यापुढं हात जोडल्याचं चिन्ह, मग दोन परिच्छेद, बिलांचे नंबर, शेवटी नाव आणि मोबाईल. म्हणजे पाठवणाऱ्यानं बरोबर पाठवलं, मेल सर्व्हरनं बरोबर घेतलं आणि मेलबॉक्समधून तिकिटात जाताना मजकूर तुटला. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि निम्मा शोध तिथंच संपतो. मेलबॉक्समध्येही मजकूर अर्धवट असेल तर कारण ग्राहकाच्या बाजूला शोधायचं. मेलबॉक्समध्ये पूर्ण असेल तर ग्राहकाला काहीही विचारायचं नाही, मजकूर आपल्याकडंच आहे.

मी तशी आणखी सहा तिकिटं काढली आणि प्रत्येकाचा मूळ मेल शेजारी उघडून बघितला. सहाही मजकूर नेमके एका चिन्हापाशी तुटले होते. चौघांनी ‘नमस्कार 🙏’ लिहिलं होतं, एकानं ‘जय शिवराय 🚩’ आणि एकानं ‘शुभ सकाळ 🌹’. आपल्याकडं माणूस अडचण सांगायच्या आधी हात जोडतो, आणि मोबाईलच्या कीबोर्डवर ‘नमस्कार’ टाईप केलं की पुढचं चिन्ह कीबोर्डच सुचवतो. म्हणून आमची तिकिटं अभिवादनाच्या लगेच पुढं तुटत होती.

इथं आम्ही एक दिवस चुकीच्या वाटेवर घालवला. सर्व्हर सांभाळणारे दादा म्हणाले, इमोजीचा संबंध नसावा, मी इमोजी टाकून टेस्ट केली आहे, व्यवस्थित येते. त्यांनी खरंच टेस्ट केली होती, पण ❤️ टाकून. ❤️ तुटत नाही. ☀️ तुटत नाही, ✅ सुद्धा नाही. 🙏 तुटतं, 😊 तुटतं, 👍 तुटतं, 🚩 तुटतं. एक इमोजी तपासून ‘इमोजी चालतात’ असा निष्कर्ष काढला तर खरं कारण यादीतून बाद होतं. टेस्ट करायची तर ग्राहकानं लिहिलेलंच चिन्ह त्याच्या मेलमधून कॉपी करून करा.

असा फरक का पडतो, ते एकदा नीट समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक अक्षराला सारखी जागा लागत नाही. इंग्रजी अक्षराला एक बाईट लागतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे न, म, काना, हलंत, हे सगळे तीन-तीन बाईट घेतात. ❤, ☀, ✅ ही चिन्हं युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ जागांत आहेत, म्हणून तीही तीन बाईटमध्ये मावतात. 🙏 त्या जागांच्या पलीकडं आहे आणि त्याला चार बाईट लागतात: F0 9F 99 8F.

आमची तिकीट सिस्टीम मायएसक्यूएल डेटाबेस वापरते, आणि तिथं `utf8` या नावाचा जो अक्षरसंच आहे तो नावाप्रमाणं पूर्ण यूटीएफ-८ नाही. तो एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाईट देतो. त्याचं खरं वर्णन करणारं नाव `utf8mb3` असं आहे. चार बाईटची अक्षरं घेणारा अक्षरसंच `utf8mb4`, तो मायएसक्यूएलमध्ये ५.५.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून आहे. पण जुन्या सिस्टीम उभारताना बहुतेकांनी `utf8` च लिहिलं, आणि मराठी तीन बाईटमध्ये बसत असल्यामुळं ‘मराठी येते का’ ही टेस्ट दर वेळी पास झाली. आमचीही झाली होती.

आता असा डेटाबेस ‘नमस्कार 🙏 बिल निघत नाही’ हा मजकूर साठवायला घेतो तेव्हा तो डावीकडून वाचत जातो, F0 या बाईटला पोहोचतो आणि अडतो. कडक तपासणी चालू असेल तर तो पूर्ण नोंदच नाकारतो आणि एरर देतो. ती बंद असेल तर तिथपर्यंतचा मजकूर ठेवतो, पुढचा सगळा टाकून देतो आणि फक्त एक वॉर्निंग देतो. ती वॉर्निंग वाचायला तिथं कोणी नसतं. मायएसक्यूएल ५.७ पासून कडक तपासणी मुळातच चालू असते, पण जुनं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर हलवताना ते अडखळतं, म्हणून अनेक ठिकाणी ती बंद करून ठेवलेली असते. आमच्याकडं तसंच झालं होतं.

डेस्कवर बसणाऱ्या माणसाकडं डेटाबेस वाचण्यापुरती परवानगी असेल, तर खात्री अशी करता येते. तिकिटाचा आयडी घ्या आणि हे चालवा:

```
SELECT CHAR_LENGTH(body), LENGTH(body), HEX(body)
FROM tickets WHERE id = 4127;
```

शिरोलीच्या तिकिटाला उत्तर आलं ते असं: अक्षरं ८, बाईट २२, आणि ही ओळ:

```
E0A4A8E0A4AEE0A4B8E0A58DE0A495E0A4BEE0A4B020
```

तीन-तीन बाईटचे सात तुकडे, म्हणजे न, म, स, हलंत, क, काना, र. शेवटचा 20 म्हणजे ‘नमस्कार’ आणि चिन्ह यांच्यामधली मोकळी जागा. ती जागा साठवली गेली आणि पुढचा पहिलाच बाईट पडला. असं शेपटाला राहिलेलं 20 दिसलं की मला पुढं फार शोधावं लागत नाही. माणूस वाक्य संपवून सहसा स्पेस देत नाही, तो पुढं काहीतरी लिहिणार असतो.

मग टेबल कसं बनवलंय आणि कडक तपासणी चालू आहे का, ते बघा:

```
SHOW CREATE TABLE tickets;
SELECT @@sql_mode;
```

पहिल्या उत्तरात `CHARSET=utf8` किंवा `utf8mb3` दिसलं आणि दुसऱ्यात `STRICT_TRANS_TABLES` किंवा `STRICT_ALL_TABLES` यांतलं काहीच दिसलं नाही, तर कारण सापडलं. तरी टेस्ट सर्व्हरवर ते प्रत्यक्ष घडवून बघावं, कारण कोणाला पटवायचं असेल तर याच्याइतका चांगला पुरावा नाही:

```
SET NAMES utf8;
SET SESSION sql_mode = '';
CREATE TEMPORARY TABLE t (body TEXT) CHARACTER SET utf8;
INSERT INTO t VALUES ('नमस्कार 🙏 बिल निघत नाही');
SHOW WARNINGS;
SELECT body, LENGTH(body) FROM t;
```

वॉर्निंगमध्ये 1366 हा क्रमांक येतो आणि `Incorrect string value: '\xF0\x9F\x99\x8F...` अशी सुरुवात असते. खाली मजकूर फक्त ‘नमस्कार’ आणि लांबी २२. आमच्या दादांनी हे स्वतः चालवलं आणि ❤️ चा विषय तिथंच मिटला.

दुरुस्ती दोन ठिकाणी लागते, आणि एकच केली तर काम होत नाही. पहिलं ठिकाण टेबल:

```
ALTER TABLE tickets
CONVERT TO CHARACTER SET utf8mb4
COLLATE utf8mb4_unicode_ci;
```

दुसरं ठिकाण म्हणजे सॉफ्टवेअर डेटाबेसशी ज्या अक्षरसंचात बोलतं ती जोडणी. कॉन्फिगरेशन फाईलमध्ये `charset` च्या पुढं `utf8` असेल तिथं `utf8mb4` लिहायचं. यातलं एकच बदललं तर मजकूर तुटायचा थांबतो, पण 🙏 च्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आम्ही पहिल्या दिवशी फक्त टेबल बदललं आणि दुपारी तिकीट आलं: ‘नमस्कार ????’. म्हणून दुरुस्तीनंतर प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरू नका, अर्धं काम झालंय आणि अर्धं राहिलंय एवढाच त्याचा अर्थ.

`ALTER` चालवायच्या आधी बॅकअप घ्या आणि ते कामाच्या वेळेत चालवू नका. टेबल पुन्हा लिहिलं जात असताना नवीन नोंदी अडून राहतात. आम्ही रविवारी रात्री केलं. जुन्या सेटिंगमध्ये इंडेक्सची मर्यादा ७६७ बाईट असते. तीन बाईटच्या हिशोबानं २५५ अक्षरांचा रकाना ७६५ मध्ये बसत होता, चार बाईटच्या हिशोबानं तो १०२० होतो आणि डेटाबेस बदल नाकारतो. आमचा ईमेल पत्त्याचा रकाना असाच अडला, त्याचा इंडेक्स १९१ अक्षरांवर आणावा लागला. शिवाय फक्त तिकिटाचा मजकूर बदलून भागत नाही. विषय, ग्राहकाचं नाव, उत्तरांचं टेबल, डेस्कवरच्या अंतर्गत नोंदी, जिथं माणूस टाईप करतो ते सगळे रकाने बदला. काही लोक मेलमधल्या स्वतःच्या नावापुढंही 🚩 लावतात, आणि आमच्याकडं अशांची आडनावं गायब झालेली नंतर सापडली.

एक सूचना कळकळीनं: टेबल बदलायच्या आधी ‘निदान एरर तरी दिसेल’ म्हणून कडक तपासणी चालू करू नका. मग मजकूर तुटणार नाही, पण 🙏 असलेल्या मेलचं तिकीटच तयार होणार नाही. ‘नमस्कार’ एवढं तिकीट निदान डेस्कवर दिसतं. न तयार झालेलं तिकीट कुणालाच दिसत नाही. आधी अक्षरसंच दुरुस्त करा, मग तपासणी चालू करा.

आता जुन्या तिकिटांचं. डेटाबेसनं टाकून दिलेला मजकूर `ALTER` नं परत येत नाही, तो तिथं नाहीच. तो फक्त मेलबॉक्समध्ये असतो, तोही सिस्टीम मेल वाचून झाल्यावर पुसत नसेल तर. आम्ही आधी फक्त छोटी तिकिटं शोधली:

```
SELECT id, subject, created_at
FROM tickets
WHERE CHAR_LENGTH(body) < 15
ORDER BY created_at DESC;
```

पण ही यादी अपुरी होती, आणि ते लक्षात आलं गुळाच्या एका अडत्यामुळं. त्यांचं तिकीट पूर्ण दिसत होतं: शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली दोनदा वजा होते, तारीख, पट्टीचा नंबर, सगळं. शेवटी ‘धन्यवाद’. आम्ही उत्तर दिलं, ते त्यांनी बघितलं नाही, आणि तीन दिवसांनी ते स्वतः डेस्कवर आले. ‘फोन करा म्हणून लिहिलं होतं न्हवं, नंबरपण दिला होता.’ मूळ मेल उघडला. ‘धन्यवाद 🙏’ आणि त्याखाली: ‘मी मेल बघत नाही, मार्केट यार्डात असतो, या नंबरवर फोन करा.’ ती ओळ आमच्यापर्यंत आलीच नव्हती. चिन्ह सुरुवातीला असलं की मजकूर तुटल्याचं लगेच दिसतं. शेवटी असलं की मजकूर पूर्ण वाटतो, आणि जातो तो नेमका नाव, नंबर आणि ताजा कलम. आमच्याकडं ‘ग्राहक संपर्क क्रमांक देत नाहीत’ अशी तक्रार बरेच महिने चालू होती. त्यातली किती तिकिटं अशी होती ते मग मेलबॉक्सशी ताडून बघावं लागलं.

म्हणून छोट्या तिकिटांवर थांबू नका. मेलबॉक्समधले त्या काळातले मेल पुन्हा वाचून, ज्यांत चार बाईटचं चिन्ह आहे त्या प्रत्येकाचा मजकूर तिकिटात अंतर्गत नोंद म्हणून जोडा. मूळ मजकुरावर लिहू नका. त्या अर्धवट मजकुराला कोणी उत्तर दिलं होतं, ते का तसं दिलं हे नंतर कळायला हवं.

सर्व्हरची दुरुस्ती तुमच्या हातात नसेल आणि उद्या सकाळी डेस्कवर बसायचंच असेल, तर एवढं करा. तिकीट अभिवादनापाशी तुटलेलं दिसलं की ‘पुन्हा पाठवा’ लिहू नका. तोच माणूस, त्याच फोनवरून, त्याच पद्धतीनं हात जोडून लिहिणार आणि ते परत तुटणार. मेलबॉक्समधून मजकूर घ्या, अंतर्गत नोंदीत चिकटवा (चिन्ह काढून, नाहीतर तुमची नोंदही तिथंच तुटेल) आणि थेट अडचणीचं उत्तर द्या. मेलबॉक्स बघायची परवानगी नसेल तर ती मागा, किंवा फोन करा. आणि ग्राहकाला ‘इमोजी वापरू नका’ असं सांगायला जाऊ नका. आमच्याकडं कोणीतरी तशी सूचना फॉर्मवर लावायचं सुचवलं होतं, मी नको म्हटलं. नमस्कार करणाऱ्याला नमस्कार करू नका म्हणणं मला पटत नाही, आणि चूक आपल्या टेबलात होती.

मूळ मेलमध्ये तुटलेल्या जागी चार बाईटचं चिन्ह नसेल तर कारण वेगळं आहे, आणि तेही तुटलेल्या जागेवरूनच ओळखता येतं. तिथं `--` एवढीच ओळ असेल तर सिस्टीमनं खालचा सगळा मजकूर सही समजून कापला आहे. काही लोक अभिवादनाखाली रेघ मारतात, त्यांचं असं होतं. तिथं `<` हे चिन्ह असेल, म्हणजे कोणी ‘रक्कम <5000’ असं लिहिलं असेल, तर एचटीएमएल साफ करणाऱ्या भागानं त्याला टॅग समजून पुढचं काढून टाकलं आहे. प्रत्येक तिकीट ठरावीक लांबीवरच, समजा २५५ अक्षरांवर, तुटत असेल तर रकाना लहान आहे. आणि चॅटमधून आलेल्या तिकिटात नुसता ‘नमस्कार’ असेल तर दोन मिनिटं थांबा. बऱ्याच जणांचं एंटर नवीन ओळीसाठी दाबलेलं असतं आणि ते खाली पुढचं टाईप करत असतात.

आमच्या यादीतल्या तीन तिकिटांचे मूळ मेल मेलबॉक्समधून पुसले गेले होते. त्या तिघांना मी फोन केला, तुमचा मजकूर आमच्याकडं हरवला असं सांगितलं आणि काय लिहिलं होतं ते विचारलं. दोघांची अडचण तोपर्यंत सुटली होती. तिसऱ्यांची नव्हती, ते तिकीट त्याच दिवशी पुन्हा उघडलं.